व्हँकोमायसिनचा आकडा: तळ मोजायचा की पूर्ण दिवस?

‘व्हँकोमायसिन ट्रफ : १७.’ दहा वर्षांपूर्वी लॅबमधून असा रिपोर्ट आला की वॉर्डातल्या डॉक्टरांना हायसं वाटायचं. आकडा १५ ते २० च्या मध्ये असला म्हणजे औषध पुरेसं आहे आणि किडनीही सुरक्षित आहे, असं धरलं जायचं. आज त्याच १७ कडे पाहून चांगला डॉक्टर विचारतो, ‘बाकीच्या बारा तासांत काय झालं?’

एमआरएसए म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातल्या नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधा स्टॅफ आपल्या त्वचेवर आणि नाकात असतो. गळू, जखमेत पू, कधी न्यूमोनिया, कधी रक्तातला संसर्ग ही त्याची कामं. मेथिसिलिन वापरात आल्यावर जेमतेम दोन वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही दाद न देणारे स्टॅफ इंग्लंडमध्ये सापडले. अशा जंतूवर आजही पहिली धाव व्हँकोमायसिनकडेच घेतली जाते. हे औषध बोर्निओच्या जंगलातल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालं आणि १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचं औषध अशुद्ध, तपकिरी रंगाचं असायचं. किडनीला होणाऱ्या त्रासाचं खापर त्या गाळावर फोडलं जायचं. पुढे औषध शुद्ध झालं, त्रास कमी झाला, पण संपला नाही. डोस वाढला की तो पुन्हा दिसू लागला.

रक्तातल्या संसर्गासाठी व्हँकोमायसिन तोंडाने देऊन उपयोग नाही, कारण ते आतड्यातून शोषलंच जात नाही. ते शिरेतून, हळूहळू द्यावं लागतं. रक्तातून बाहेर पडायला त्याला जवळजवळ एकच वाट आहे, ती म्हणजे मूत्रपिंड. म्हणून किडनी जेवढी चालते तेवढं औषध निघून जातं. एकच डोस तरण्याबांड माणसाला अपुरा पडतो आणि किडनी थकलेल्या वृद्धाला जास्त होतो. रक्तातली पातळी मोजावी लागते ती यामुळे.

पण मोजायचं कधी? प्रत्येक डोसनंतर पातळी चढते आणि पुढच्या डोसपर्यंत उतरत जाते. पुढचा डोस लावण्याच्या जरा आधी ती सगळ्यात खाली असते. तिलाच वैद्यकीय भाषेत ट्रफ म्हणतात. हा तळ मोजायला एकच नमुना लागतो, म्हणून तीच पद्धत रूढ झाली. खरं तर जंतूवर होणारा परिणाम तळावर अवलंबून नसतो. चोवीस तासांत जंतूला एकूण किती औषधाला तोंड द्यावं लागलं, यावर तो ठरतो. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर पातळी असा आलेख काढला तर वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे हा एकूण हिशेब. डॉक्टर त्याला एयूसी म्हणतात. गंभीर एमआरएसए संसर्गात तो दिवसाला किमान ४०० हवा, असं अभ्यासांतून पुढे आलं होतं. मात्र २००९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सोयीसाठी सांगितलं की क्षेत्रफळ काढत बसू नका, तळ १५ ते २० ठेवा, म्हणजे ४०० गाठले जातील.

गाठले जातात हे खरंच. १७ हा तळ असेल तर दिवसभरात पातळी कधीच १७ च्या खाली गेली नाही. १७ गुणिले २४ तास म्हणजे ४०८. याचा अर्थ क्षेत्रफळ निदान ४०८ आहे. पण पातळी तळाच्या वर किती चढली आणि किती वेळ राहिली, हे त्या आकड्यात कुठेच नाही. एप्रिलमध्ये रत्नागिरी आणि चंद्रपूर इथे पहाटेचं तापमान जवळपास सारखं असू शकतं. तेवढ्यावरून दुपारच्या उन्हाचा अंदाज बांधणारा माणूस चंद्रपुरात पोळून निघेल. तळाच्या आकड्यावरून किमान किती ते कळतं, कमाल किती ते कळत नाही. आणि किडनीचं नुकसान होतं ते कमाल बाजूला. क्षेत्रफळ ६०० च्या पुढे सरकू लागलं की धोका वाढत जातो. म्हणून २०२० मध्ये त्याच अमेरिकी संस्थांनी सूचना बदलल्या. गंभीर एमआरएसए संसर्गात फक्त तळ पाहून डोस ठरवू नका, क्षेत्रफळ ४०० ते ६०० मध्ये ठेवा, असं त्या आता सांगतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो ते एका काल्पनिक रुग्णावर पाहू. वय ५८, वजन ७० किलो, मधुमेह. पाठीवर काळपुळी, थंडी वाजून ताप. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून जो कचरा काढते त्यातला सहज मोजता येणारा पदार्थ, ०.९. सोमवारी रात्री जंतू कोणता ते माहीत नसताना दोन औषधं सुरू झाली, व्हँकोमायसिन आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. व्हँकोमायसिनचा पहिला डोस मोठा, १७५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २५. पातळी लवकर चढावी म्हणून हा भरणा. मग दर बारा तासांनी १२५०.

बुधवारी सकाळी आठला सलाईनमधून डोस सुरू झाला, साडेनऊला संपला. अकरा वाजता रक्ताचा पहिला नमुना घेतला, पातळी ३४. संध्याकाळी साडेसातला, पुढच्या डोसच्या अर्धा तास आधी, दुसरा नमुना घेतला, पातळी १७. साडेआठ तासांत पातळी बरोबर निम्मी झाली. एवढं कळलं की उतरणीचा सगळा मार्ग कळतो. मागे जाऊन पाहिलं तर सलाईन संपताना पातळी ३८ च्या आसपास होती. पुढे जाऊन आठ वाजताची काढली तर ती १६ च्या थोडी वर येते. चढणीचा छोटा तुकडा आणि उतरणीचा मोठा तुकडा यांची बेरीज बारा तासांना ३१२ होते. दिवसाला ६२४.

जुन्या पद्धतीने १७ हा उत्तम आकडा होता, कोणी डोसला हात लावला नसता. नव्या हिशेबात हा माणूस मर्यादा ओलांडून गेला आहे. दुरुस्ती सोपी आहे, कारण किडनी तशीच चालत राहिली तर डोस आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात बदलतात. ५०० हवे असतील तर दिवसाचे २५०० मिलिग्रॅम २००० वर आणायचे, म्हणजे दर बारा तासांना १०००. तसं केल्यावर तळ १३ च्या आसपास येईल. पूर्वी १३ पाहून डोस वाढवला गेला असता. नव्या पद्धतीचा सगळा फायदा या एका फरकात आहे: जंतूला पुरेसं आणि किडनीला झेपणारं औषध मिळतं, जरी तळ ‘कमी’ दिसला तरी.

या हिशेबातली सगळ्यात नाजूक गोष्ट गणित नसून घड्याळ आहे. डोस आठऐवजी पावणेनऊला लागला आणि कागदावर आठच लिहिलं, तर गणित बरोबर आणि उत्तर चूक. ज्या नळीतून औषध जातं त्याच नळीतून नमुना घेतला, तर पातळी खोटी चढलेली दिसते. अनपेक्षित आकडा आला की डोस बदलण्याआधी नर्सला विचारायचं की सलाईन नेमकं कधी सुरू झालं, कधी संपलं, रक्त कुठल्या हातातून घेतलं. काही रुग्णालयांत यासाठी सॉफ्टवेअर असतं. ते रुग्णाचं वय, वजन, क्रिएटिनिन आणि इतर अनेक रुग्णांचा अनुभव यांची सांगड घालून एका नमुन्यावरूनही अंदाज देतं. पण वेळा चुकीच्या भरल्या तर तेही फसतं.

आता किडनीकडे. बुधवारी रात्रीपासून डोस १००० झाला. गुरुवारी क्रिएटिनिन ०.९ होतं, शनिवारी १.३ आलं. लॅबच्या कागदावर त्यापुढे कुठलीही खूण नव्हती, कारण अनेक लॅबच्या लेखी पुरुषांसाठी १.३ ‘नॉर्मल’च्या आत बसतं. पण अठ्ठेचाळीस तासांत ०.३ किंवा त्याहून अधिक वाढ म्हणजे किडनीला इजा झाल्याची व्याख्या पूर्ण होते. तुलना लॅबच्या मर्यादेशी नसते, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी असते. शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीच्या नलिकांमधल्या पेशी दुखावल्यावर ते चढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून लघवी किती झाली याची नोंदही तितकीच महत्त्वाची.

इथे एक पेच आहे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सोबत असताना क्रिएटिनिन वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण त्यातली काही वाढ फसवी असू शकते: नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडते आणि किडनी खरं तर शाबूत असते. मग खरं काय ते कसं ओळखायचं? व्हँकोमायसिनची पातळीच साक्ष देते. आपल्या रुग्णात शनिवारी संध्याकाळी डोसआधी १३ अपेक्षित होते, आले १९. डोस तोच असून औषध साचतंय, म्हणजे गाळण खरंच मंदावली आहे. हे दुष्टचक्र असतं: किडनी मंदावली की औषध साचतं, साचलेलं औषध किडनीला आणखी मंद करतं. ते वेळीच तोडावं लागतं.

म्हणून तो डोस रोखला, पातळी पुन्हा मोजली आणि खाली आल्यावर नव्या हिशेबाने डोस कमी करून सुरू केला. गुरुवारी रक्ताच्या तपासणीत फक्त एमआरएसए सापडला होता, तेव्हा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची गरज संपलीच होती. ते बंद करायचं राहून गेलं होतं, ते शनिवारी बंद केलं. काळपुळीच्या दुखण्यासाठी चालू असलेली डायक्लोफेनॅकची गोळीही थांबवली. अमिकासिन, जेंटामायसिन, लघवी वाढवणारी औषधं, सीटी स्कॅनमध्ये वापरायचं डाय, शरीरातलं पाणी कमी होणं, या सगळ्यांचा भार त्याच नलिकांवर पडतो. त्यातलं जे टाळता येईल ते टाळायचं. वेळेवर लक्षात आलं तर बहुतेकांची किडनी पूर्ववत होते.

या मोजणीच्या मर्यादाही आहेत. ४०० ते ६०० हे लक्ष्य गंभीर एमआरएसए संसर्गासाठी आहे. त्वचेच्या साध्या संसर्गाला किंवा दुसऱ्या जंतूंना ते तसंच लावता येत नाही. शिवाय जंतूला रोखायला औषधाची किमान एवढी तीव्रता पुरते, हे गृहीत धरून ते लक्ष्य ठरलेलं आहे. जंतूला दुप्पट तीव्रता लागत असेल, तर क्षेत्रफळही ८०० लागेल आणि तेवढं किडनीला सोसणार नाही. तेव्हा डोस ताणत नेण्यापेक्षा डॅप्टोमायसिन किंवा लिनेझोलिडचा विचार करतात. फुफ्फुसाच्या संसर्गात मात्र डॅप्टोमायसिन चालत नाही, ते तिथे निष्प्रभ होतं.

आणि क्षेत्रफळ अगदी ५०० असलं तरी काळपुळीत पू साठलेला असेल तर तो चिरा देऊन काढावाच लागतो. रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करून जंतू गेल्याची खात्री करतात, आणि उपचाराचे दिवस जंतू न सापडलेल्या पहिल्या नमुन्यापासून मोजतात. साध्या प्रकरणात किमान चौदा, हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला लागण असेल तर अनेक आठवडे. एवढे दिवस औषध चालणार असेल, तर पहिल्या आठवड्यातली एकच चांगली पातळी शेवटपर्यंत पुरत नाही. किडनी बदलली की डोसही पुन्हा मोजावा लागतो.