भाताचे एक लाख गृहकर्जात टाकले, तर किती हप्ते वाचतात?

दिवाळीच्या आसपास भोर-वेल्ह्यात भाताची कापणी-झोडणी उरकते. इंद्रायणी विकून हातात एकरकमी पैसे येतात आणि मग घरात विषय निघतो: घराच्या कर्जात थोडे भरून टाकू का? आज हेच गणित करू. जमलं तर मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून ऐका.

आकडे मी सोपे धरलेत. भोरमधल्या एका घराने १० लाखांचं गृहकर्ज घेतलंय. व्याजदर ९ टक्के, मुदत १० वर्षं म्हणजे १२० हप्ते. दरमहा हप्ता १२,६६८ रुपये. दहा वर्षांत एकूण व्याज जातं साधारण ५ लाख २० हजार. बारा हप्ते झाल्यावर हे लोक १ लाख रुपये जादा भरतात. बँकेत याला पार्ट पेमेंट म्हणतात.

आता परतफेडीचा तक्ता बघा. पैसे गोल केलेत, त्यामुळे एखाद्या रुपयाचा फरक दिसेल.

| हप्ता | व्याज | मुद्दल | शिल्लक कर्ज |
|---|---|---|---|
| १२ वा | ७,०५७ | ५,६१० | ९,३५,३६६ |
| जादा भरणा | – | १,००,००० | ८,३५,३६६ |
| १३ वा | ६,२६५ | ६,४०२ | ८,२८,९६४ |
| १४ वा | ६,२१७ | ६,४५० | ८,२२,५१३ |

एक लाख भरले नसते, तर तेराव्या हप्त्यात व्याज ७,०१५ आणि मुद्दल ५,६५२ गेलं असतं. हप्ता तोच, पण त्यातले ७५० रुपये व्याजाकडून मुद्दलाकडे वळले. का? व्याज शिल्लक रकमेवर लागतं, आणि एक लाखावर महिन्याचं पाऊण टक्का व्याज म्हणजे ७५० रुपये. हे ७५० मुद्दलातून गेल्यामुळे पुढच्या महिन्याचं व्याज आणखी थोडं कमी होतं. हाच फरक महिन्यामागून महिना वाढत जातो.

शेवटी काय होतं? उरलेल्या १०८ हप्त्यांऐवजी ९२ हप्त्यांत कर्ज संपतं, आणि शेवटचा हप्ता तर फक्त ४,१३० रुपयांचा. म्हणजे १६ महिने आधी सुटका आणि व्याजात सुमारे १ लाख ११ हजारांची बचत.

पण इथे एक वळण आहे. मुदत तीच ठेवून बँकेने हप्ता कमी केला, तर तो ११,३१३ होतो. दरमहा १,३५४ रुपये हातात राहतात, पण व्याजाची बचत होते फक्त ४६ हजारांच्या आसपास. भरलेले एक लाख तेच! फरक इतकाच, की पहिल्या पर्यायात ते १,३५४ रुपये तुम्ही दरमहा कर्जातच भरत राहता. घरखर्च ओढूनताणून चालत असेल तर हप्ता कमी करणं चुकीचं नाही. हप्ता झेपत असेल तर मुदत कमी करा.

वेळेचाही फरक पडतो. हेच एक लाख सात वर्षांनी, ८४ हप्त्यांनंतर भरले, तर मुदत कमी करूनही बचत साडेसव्वीस हजारांच्या घरातच. कारण त्या रकमेचं व्याज वाचवायला फक्त तीन वर्षं उरलेली असतात.

आता बँकेत काय करायचं? अर्जात स्पष्ट लिहा: "रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." नाहीतर कधी कधी ती रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरती म्हणून धरली जाते. मग नवीन तक्ता मागा. तीन गोष्टी तपासा: शिल्लक एक लाखाने उतरली का, हप्ता तोच आहे का, शेवटची तारीख अलीकडे आली का. पुढच्या हप्त्यात व्याज जुन्या तक्त्यापेक्षा साडेसातशेने कमी दिसलं नाही, तर लगेच शाखेत विचारा.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आगाऊ भरण्याचा दंड लागत नाही. स्थिर दराचं कर्ज असेल, किंवा ट्रॅक्टरचं असेल, तर करारातलं शुल्काचं कलम आधी वाचा आणि ते शुल्क बचतीतून वजा करा.

शेवटचा मुद्दा शेतकरी घरांसाठी. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंत ते शून्य टक्क्यात पडतं. त्याचे पैसे घराच्या कर्जात घातले आणि पीककर्ज थकलं, तर ही सवलत हातची जाते. म्हणून भाताच्या पैशातून आधी सोसायटी, मग पुढच्या लावणीचा आणि आजारपणाचा खर्च बाजूला, आणि उरेल ते पार्ट पेमेंटला. एक लाखाऐवजी चाळीस हजार उरले, तरी ते पुढच्या वर्षापर्यंत थांबवू नका.