डब्याचा काठ दाखवा

उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीतून वर्षाचा मसाला घरी आला की डब्यांची आठवण होते. मग कोणी पायधुणीला तांबाकाट्याच्या भांडी बाजारात जातं, कोणी मोबाइलवर व्हिडिओ पाहून डबे मागवतं. ही भांडी बनवणारे लहान कारखाने बरेचसे भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये आहेत, आणि त्यांतले काही मालक आता आपलं काम व्हिडिओतून दाखवतात. बहुतेक वेळा दिसतं ते पॉलिश. काळपट डबा बफवर धरला की आरशासारखा होतो, पाहायला छान वाटतं. पण हलक्या स्टीललाही हीच चमक येते, त्यामुळे एवढ्यावरून मालाबद्दल काहीच कळत नाही.

कळतं ते त्याच्या आधीच्या कामातून. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा, अडीच लिटरहून थोडा मोठा डबा घेऊ. त्यासाठी पत्र्यातून साधारण साडेतेहतीस सेंटिमीटरचं गोल सर्कल कापावं लागतं. सर्कलचा व्यास भांड्याच्या व्यासाच्या दुपटीपर्यंत असेल तर हायड्रॉलिक प्रेस ते एका दाबात ओढू शकते. इथे तो सव्वादोन पट आहे. म्हणून आधी एकोणीस सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच अशी वाटी ओढायची आणि दुसऱ्या डायमध्ये ती अरुंद, उंच करायची. पहिल्या दाबाने पत्रा कडक झालेला असतो. मध्ये भट्टीत सुमारे 1050 अंशांवर तापवून तो पटकन थंड केला, तर पुन्हा मऊ पडतो. भट्टीला गॅस लागतो, वेळ लागतो, वर आलेली काळी पापडी तेजाबात काढावी लागते. पैसे वाचवायचे असले की पहिली काट इथेच बसते.

ती काट लगेच दिसत नाही. निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या 200 मालिकेच्या स्टीलमध्ये ओढण्याचा ताण आत साठून राहतो. संध्याकाळी रचून ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानेही, काठापासून खाली उभा तडकतो, कोणी हात लावलेला नसताना. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. त्यात ही तड सहसा येत नाही. म्हणून माझ्या मते कारखान्याने दाखवायचं सर्वांत प्रामाणिक दृश्य म्हणजे ओढलेल्या डब्यांची रास, दुसऱ्या दिवशी, पॉलिशच्या आधी, एकेका काठावर बोट फिरवताना. तडकलेले डबे निघाले तर तेही दाखवावेत. भंगारात जाणारा माल बघितला की उरलेल्या मालावर विश्वास बसतो.

लोहचुंबकाचा खेळ मात्र थांबवायला हवा. ‘चिकटत नाही, म्हणजे 304’ असं बरेच व्हिडिओ सांगतात. 200 मालिकेचं स्टीलही चिकटत नाही. उलट खरं 304 ओढताना बदलतं आणि डब्याच्या कोपऱ्यावर थोडं चिकटू शकतं. दोन्हींतला फरक बाजारात मिळणाऱ्या तपासणीच्या थेंबाने आणि 9 व्होल्टच्या बॅटरीने दिसतो: मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. हा थेंब व्हिडिओ न तोडता, त्याच डब्याच्या तळाला टाकून दाखवावा, आणि शेजारी पत्र्याच्या कॉइलवरची गिरणीची चिठ्ठीही.

200 मालिकेचं भांडं विषारी नसतं. डाळ, तांदूळ, कोरडी मिरची ठेवायला ते चालतं. मीठ आणि आंबट असलेलं लोणचं मात्र त्याला लवकर टोचे पाडतं. दोन्ही माल विकायला हरकत नाही, दोन्हीला एकच नाव देऊ नये.

उरलं वजन. भांडी बाजारात स्टील काट्यावर विकायची जुनी रीत आहे, आणि ती व्हिडिओतही चालते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं आपलं सर्कल सुमारे 350 ग्रॅम भरतं. काठ कापून, वळवून, घासून झाल्यावर झाकणाशिवाय डबा सव्वातीनशेच्या आसपास उरायला हवा. अडीचशेच भरला, तर पत्रा 0.4 मिलिमीटरच्या जवळचा आहे. त्याचा काठ दाबल्यावर आत जाईल.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये स्टीलच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. मानक आहे आयएस 14756. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव दिसतं. पुढच्या वेळी डबे मागवताना विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: झाकणाशिवायचं वजन, पत्र्याची जाडी आणि पॉलिशआधीच्या काठाचा व्हिडिओ.