वर्गासाठी पोवाडा : भाग ४
किल्ला पडतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण आठ मात्रांची दोन आवर्तनं मिळून सोळा मात्रांची ओळ कशी होते ते पाहिलं. आज तीच ओळ चाकणच्या संग्रामदुर्गावर नेऊ.

१६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने या भुईकोटाला वेढा घातला. महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले, त्यामुळे मदत येण्याची आशा नव्हती. तरी किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मोजक्या मावळ्यांनिशी सुमारे दोन महिने लढला. पहिला चौक असा बांधता येईल :

चाकणकोटी मूठभर गडी,
भवती सेना मोगली खडी,
श्रावणधारा झोडती तटा,
तोफा म्हणती, 'बाजुला हटा!'
(झील : जी जी रं जी!)

टाळी देत म्हणून पाहा. 'चाकणकोटी' आठ, 'मूठभर गडी' आठ. यमकं पाहा : दोन नामं, एक विशेषण, एक क्रियापद. मुलं पहिल्यांदा लिहितात तेव्हा 'आला, गेला, झाला' अशी क्रियापदंच जुळवतात. मग प्रत्येक ओळ एकाच जागी थांबते आणि कथा पुढे सरकत नाही. तीन ओळींत तसं झालं, तर त्यातली एक मोडून तिच्या शेवटी वस्तूचं किंवा जागेचं नाव आणावं.

खरी अडचण नायकाच्या नावाची. 'फिरंगोजी' सात मात्रांचं, 'नरसाळा' सहा. दोन्ही मिळून तेरा. पूर्ण नाव ओळीत कोंबलं की उरलेले शब्द धावत म्हणावे लागतात. शाहीर दोन चौकांमध्ये गद्यात बोलतो, तिथे एका मुलाने पूर्ण नाव खणखणीत सांगावं. पद्यात 'तो नरसाळा' म्हणावं, बरोब्बर आठ.

मोगलांनी सुरुंग लावून एक बुरूज उडवला. इथे डफ थांबवा आणि एक ओळ गद्यातच म्हणू द्या. त्या शांततेने स्फोट ऐकू येतो. मग द्रुत लयीत खिंडारातली झुंज. शेवटी किल्ला पडला, हे लपवू नका. विजयाचा खोटा चौक जोडला, तर पोवाड्यातलं शौर्यच हरवतं. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असं सांगतात. पोवाड्याचा कळस हाच :

खान म्हणाला, 'चाकरी धरा!'
तो नरसाळा राहिला खरा!

शेवटची ओळ एकट्या मुलाने म्हणावी, दुसऱ्या वेळी झीलकऱ्यांनी उचलावी. लांब ओळीत मुलांचा श्वास कुठे तुटतो आणि तिथे शब्द कसे हलवायचे, ते पुढच्या भागात.