हक्कभाग नकोत? मग हक्क तरी विका

राईट्स इश्यूचा ईमेल आला की अनेक भागधारक तो न वाचताच सोडून देतात. नवे पैसे घालायचे नाहीत, म्हणजे आपले काही जात नाही, असा त्यांचा समज असतो. खिशातून काही जात नाही हे खरे, पण डिमॅट खात्यातून जाते.

रिलायन्स इंडस्ट्रीजचा 2020 मधला इश्यू घेऊ. दर 15 शेअरमागे एक नवा शेअर, 1,257 रुपयांना. ज्याच्याकडे 150 शेअर होते, त्याला दहा नव्या शेअरचा हक्क मिळाला. हक्क वेगळा होण्याआधीचा बाजारभाव हिशेबापुरता 1,440 रुपये धरला, तर त्याच्या शेअरची किंमत 2,16,000 रुपये होते. दहा स्वस्त शेअर मिसळले की 160 शेअरची सरासरी साधारण 1,428.50 रुपयांवर येते. अर्ज न करणाऱ्याच्या 150 शेअरची किंमत त्या भावाने 1,700 रुपयांहून थोडी अधिक घटते. बाजाराच्या रोजच्या चढ-उतारात ही घट डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच ती फसवी आहे. दहा हक्कांची किंमतही जवळपास तेवढीच असते. ते विकले, तर भरपाई होते. विसरले, तर मुदतीनंतर ते रद्द होतात आणि हाती काहीच येत नाही.

हे हक्क 2020 पासून डिमॅट खात्यात जमा होतात आणि 'आरई' या नावाने शेअर बाजारात विकता येतात. मात्र विक्रीची खिडकी आधी बंद होते. रिलायन्सच्या वेळी अर्जाची मुदत 3 जून होती, पण आरईचे व्यवहार 29 मे रोजीच संपले. शेवटच्या दिवशी जाग आलेल्याला बाजारात विक्री करता येत नाही. त्याच्यासमोर बहुतेक वेळा अर्ज करणे किंवा हक्क सोडून देणे, एवढेच उरते.

खात्यात आरई दिसले म्हणजे शेअर मिळाले, हाही गैरसमजच. बँकेतून 'अस्बा' पद्धतीने अर्ज करून पैसे अडकवावे लागतात. बाजारातून आरई विकत घेणाऱ्यालाही अर्ज चुकत नाही. तो विसरला, तर आरईला मोजलेली सगळी रक्कम बुडते. पैसे हप्त्यांत असतील, तर पुढचे हप्तेही आधीच हिशेबात धरावेत. रिलायन्सने अर्जावेळी 314.25 रुपये घेतले, उरलेले 2021 मध्ये दोन वेळा मागितले.

आणि स्वस्तात मिळतो म्हणून घ्यावाच, असेही नाही. व्होडाफोन आयडियाने एप्रिल 2019 मध्ये बाजारभावापेक्षा कमी, साडेबारा रुपयांना शेअर देऊ केले. त्याच वर्षी भाव त्याच्या निम्म्याच्याही खाली गेला. पैसा कर्ज फेडायला लागणार आहे, तोटा झाकायला की नव्या प्रकल्पाला, हे ऑफर पत्रातल्या 'इश्यूची उद्दिष्टे' या भागात लिहिलेले असते. तो भाग वाचूनही कंपनीत आणखी पैसा घालावासा वाटला नाही, तर आरई विकावेत. हक्क सोडून देणे शहाणपणाचे ठरते ते एकाच स्थितीत: बाजारभाव इश्यूच्या भावाखाली गेला आणि आरईला गिऱ्हाईकच उरले नाही, तेव्हा.