टाकी रिकामी होते, यान सुटतं

सरळ भिंतींच्या टाकीला तळाशी भोक पाडलं, की पाण्याची धार आधी जोरात येते आणि पातळी उतरेल तशी मंदावते. पातळी जवळजवळ शून्यावर आली की धारेचा वेगही जवळजवळ शून्य होतो. मग शेवटचं पाणी बाहेर पडायला किती वेळ लागेल? वेग शून्याकडे चालला आहे, तेव्हा टाकी कधीच पूर्ण रिकामी होणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण ती होते, आणि तीही ठरावीक वेळात.

दुसरा प्रश्न आकाशातला. पृथ्वीपासून कितीही दूर गेलं तरी तिचं गुरुत्वाकर्षण पूर्ण शून्य कधीच होत नाही. यानाला ती सतत मागे ओढतच राहते. तरीही हवेचा अडथळा सोडला, तर सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेगाने निघालेलं यान पुन्हा खाली येत नाही. न संपणाऱ्या ओढीविरुद्ध मर्यादित ऊर्जा कशी पुरते?

दोन्ही प्रश्नांच्या मागे एकच गणित आहे: 1/x^p या वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याचं संकलन. हा वक्र दोन टोकांना अमर्याद पसरतो. शून्याजवळ तो आभाळाकडे झेपावतो आणि उजवीकडे आडव्या अक्षाला न टेकता अनंतापर्यंत जात राहतो. टाकीचा प्रश्न डाव्या टोकाचा आहे, यानाचा उजव्या. बारावीनंतर गणित घेतलेल्या बहुतेकांना नियम पाठ असतो. अनंताकडचं क्षेत्रफळ मर्यादित राहायला p हा १ पेक्षा मोठा हवा, आणि शून्याकडचं मर्यादित राहायला १ पेक्षा लहान. परीक्षेत नेमकी इथेच अदलाबदल होते. पण कारण एकदा दिसलं, की पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

उजव्या टोकापासून सुरुवात करू. 1/x² हा वक्र घ्या आणि १ पासून पुढे पट्टे पाडा, मात्र सारख्या रुंदीचे नव्हे. पहिला पट्टा १ ते २, दुसरा २ ते ४, तिसरा ४ ते ८, असं दर वेळी अंतर दुप्पट करत जा. पुढच्या पट्ट्यात रुंदी दुप्पट होते, पण x दुप्पट झाल्यामुळे उंची चौथाई होते. दुप्पट गुणिले चौथाई म्हणजे निम्मं. पहिल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ १/२ येतं, दुसऱ्याचं १/४, तिसऱ्याचं १/८. पट्टे कधीच संपत नाहीत, पण सगळ्यांची बेरीज १ च्या पुढे जात नाही. तिला १ पर्यंत पोचण्यासाठी सगळेच पट्टे लागतात.

आता तेच पट्टे 1/√x खाली पाडा. इथे p म्हणजे १/२. रुंदी दुप्पट होते, पण उंची फक्त √२ ने भागली जाते. त्यामुळे प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा सुमारे १.४१ पट मोठा निघतो. हा वक्रही शून्याकडे उतरतोच आहे, पण पट्टे वाढत चालल्यावर बेरीज कुठे थांबणार? वक्र खाली येतो की नाही, हा खरा प्रश्नच नाही. अंतर दुप्पट झाल्यावर उंची निम्म्याहून अधिक घटते की कमी, हा खरा प्रश्न आहे. एका पट्ट्यावरून पुढच्या पट्ट्यावर जाताना क्षेत्रफळाला गुणणारा आकडा 2^(1−p) आहे. p एकपेक्षा मोठा असेल तर तो १ हून लहान राहतो आणि पट्टे आक्रसत जातात.

यानाचा हिशोब असाच आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, म्हणजे p = २. पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर एकदा दुप्पट करायला, म्हणजे जमिनीपासून सुमारे ६,४०० किलोमीटर वर जायला, सुटकेसाठी लागणाऱ्या एकूण ऊर्जेची निम्मी ऊर्जा खर्च होते. पुढच्या दुपटीला चौथाई, त्यापुढे आठवा भाग. गुरुत्वाकर्षण अंतराच्या साध्या व्यस्त प्रमाणात घटत असतं, तर प्रत्येक दुपटीला तेवढीच ऊर्जा पुन्हा मोजावी लागली असती आणि कुठलाही वेग सुटकेला पुरला नसता.

आता डावं टोक. १ पासून शून्याकडे निघा: १ ते १/२, १/२ ते १/४, १/४ ते १/८. या वेळी पट्ट्याची रुंदी दर खेपेला निम्मी होते आणि उंची वाढते. 1/√x मध्ये उंची १.४१ पट वाढते, रुंदी निम्मी होते, म्हणून पट्टे ०.५८६, ०.४१४, ०.२९३ असे लहान होत जातात. एकूण बेरीज बरोबर २. उलट 1/x² मध्ये उंची चौपट होते, त्यामुळे पट्टे १, २, ४, ८ असे फुगत जातात. पट्ट्यांची शिडी तीच आहे, फक्त आपण ती उलट्या दिशेने चढतो आहोत. म्हणून जो घातांक एका टोकाला तारतो, तोच दुसऱ्या टोकाला बुडवतो. परिणामी 1/x^p च्या कुटुंबातला एकही वक्र असा नाही, ज्याचं शून्यापासून अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ मर्यादित आहे.

हे नातं कागद वळवूनही दिसतं. 1/√x चा आलेख तिरक्या रेषेत, म्हणजे x आणि y च्या जागा बदलून पाहिला, तर तो 1/x² चाच आलेख होतो. 1/√x खाली शून्य ते १ मध्ये २ एवढं क्षेत्रफळ होतं. त्यातला खालचा भाग म्हणजे एक बाय एकचा चौरस, क्षेत्रफळ १. त्यावर उभा राहिलेला उंच सुळका आडवा केला की 1/x² ची तीच लांब शेपटी होते, जिचं क्षेत्रफळ आपण १ मोजलं. एक आणि एक, दोन.

टाकीचं कोडं आता सुटतं. भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हा नियम इटलीच्या तोरिचेल्लीने १६४४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पातळीचा पुढचा बारीकसा थर उतरायला लागणारा वेळ त्यामुळे 1/√h च्या प्रमाणात वाढतो, आणि एकूण वेळ म्हणजे याच वक्राचं शून्यापर्यंतचं संकलन. समजा, १०० सेंटिमीटर भरलेली टाकी २० मिनिटांत रिकामी होते. दहाव्या मिनिटाला पाणी ५० सेंटिमीटरवर नसेल, २५ वर असेल. पंधराव्या मिनिटाला सव्वासहा सेंटिमीटर उरेल आणि विसाव्याला काही नाही. अगदी शेवटी, पातळी काही मिलिमीटर उरते तेव्हा, पृष्ठताण आणि घर्षण मध्ये येतं आणि हा नियम तंतोतंत चालत नाही, पण त्याआधीचा हिशोब चांगला जुळतो. वेग वर्गमुळाऐवजी थेट उंचीच्या प्रमाणात असता, तर p = १ झाला असता. मग प्रत्येक वेळी पातळी निम्मी व्हायला तेवढाच वेळ लागला असता आणि टाकी खरोखरच कधी संपली नसती.

p = १ हा काटा मधोमध उभा असतो. रुंदी दुप्पट, उंची निम्मी, म्हणून प्रत्येक पट्टा सारखाच, सुमारे ०.६९३. सारखे पट्टे अनंत वेळा मिळवले की बेरीज दोन्ही टोकांना हाताबाहेर जाते. अंतर गुणाकाराने वाढवावं आणि क्षेत्रफळ बेरजेने वाढावं, हा 1/x चा गुण सेंट-व्हिन्सेंटच्या ग्रेगरीच्या १६४७ च्या ग्रंथात दडलेला होता. हे वागणं लॉगॅरिदमचंच आहे, हे १६४९ मध्ये त्याचा शिष्य सरासा याने ओळखलं. पुढे फर्माने अशाच गुणोत्तराने वाढणाऱ्या पट्ट्यांनी बाकीच्या घातांकांची क्षेत्रफळं काढली. ही रीत 1/x ला लागू पडत नाही, म्हणून तो वक्र त्याने बाजूला ठेवला.

या काट्याजवळ नुसत्या आकडेमोडीवर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली. 1/x चं क्षेत्रफळ १ पासून २२,०२६ पर्यंत मोजलं तर सुमारे १० येतं. p = १.०१ घेतला तर तेवढ्याच अंतरात ९.५ येतं. दोघांत फरक जेमतेम दिसतो, पण पहिल्याची बेरीज अमर्याद आहे आणि दुसऱ्याची १०० वर थांबते. त्या १०० पैकी निम्मं गाठायला मात्र x ला 2^100 पर्यंत जावं लागतं, म्हणजे एकतीस अंकी संख्येपर्यंत. कॉम्प्युटरवर बेरीज बराच वेळ हळूहळू वाढत राहिली, तर त्यावरून ती थांबणार की नाही, हे कळत नाही. ते घातांकच सांगतो.

दुसरी फसगत डाव्या टोकाला होते. 1/x² चं −१ ते १ संकलन सूत्रात आकडे घालून काढलं तर उत्तर −२ येतं. सगळा वक्र अक्षाच्या वर आहे, मग क्षेत्रफळ ऋण कसं? मधे शून्यावर वक्र फुटला आहे, तिथे दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ अमर्याद आहे, आणि सूत्र ती दरी न पाहता उडी मारून गेलं. धन वक्राचं उत्तर ऋण आलं, की मर्यादांच्या मधे कुठे भाजक शून्य होतो का, हे आधी तपासावं.

प्रत्यक्षात भेटणारी फलनं इतकी साधी नसतात, पण तपासणीची रीत तीच राहते. प्रत्येक टोकाला कोणता घातांक वरचढ आहे, ते वेगवेगळं पाहायचं. 1/(√x + x²) घ्या. शून्याजवळ x² नगण्य असतो, म्हणून हे 1/√x सारखं वागतं: p = १/२, या टोकाला चालतो. फार दूर √x नगण्य होतो, म्हणून हे 1/x² सारखं वागतं: p = २, तोही त्या टोकाला चालतो. एकट्या घातांकाला जे कधीच जमलं नसतं, ते इथे दोघांनी वाटून घेतलं आहे. शून्यापासून अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ 4π/(3√3), म्हणजे सुमारे २.४२. आता भाजकातला x² काढून तिथे साधा x ठेवा. डावीकडे काहीच बिघडत नाही, पण उजवीकडे p = १ होतो आणि बेरीज पुन्हा अमर्याद होते.