विमानाचा अनुदैर्ध्य समतोल

स्थिर उड्डाणात विमानाचे नाक आपोआप वर किंवा खाली जाऊ नये यासाठी गुरुत्वमध्याभोवतीच्या सर्व परिबलांची बेरीज शून्य करणे याला अनुदैर्ध्य समतोल किंवा ट्रिम म्हणतात. परिबल म्हणजे बल आणि त्याचे गुरुत्वमध्यापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार. हा समतोल साधण्याचे काम बहुतेक विमानांत आडवे पुच्छ करते, आणि त्यासाठी ते सहसा खालच्या दिशेने बल लावते. विमान हवेत धरून ठेवायचे असताना त्याचाच एक भाग खाली ढकलत असतो, ही बाब प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

== पुच्छ खाली का ढकलते ==

विमानाच्या पंखाचा छेद बहुधा वरून फुगीर असतो. अशा वक्र पंखावर उत्थापक बलाशिवाय नाक खाली वळवणारे एक परिबलही निर्माण होते. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-चतुर्थांश अंतरावर असलेल्या वायुगतिकीय केंद्राभोवती हे परिबल मोजले, तर आघात कोन बदलला तरी ते जवळपास तेवढेच राहते. मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ते वाढते. त्यात भर म्हणून गुरुत्वमध्य या केंद्राच्या पुढे असेल, तर वजनही नाक खाली ओढते. या दोन्हींना उत्तर द्यायचे तर मागचे टोक खाली दाबावे लागते.

उदाहरणादाखल १०,००० न्यूटन वजनाचे एक छोटे विमान घेऊ. त्याच्या पंखाचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर, पंखाची रुंदी १.५ मीटर आणि पंखाच्या वायुगतिकीय केंद्रापासून पुच्छाचे अंतर ४.५ मीटर आहे. समुद्रसपाटीजवळ सेकंदाला ६० मीटर वेगाने जाताना पंखाच्या वक्रतेमुळे नाक खाली वळवणारे परिबल सुमारे २,६५० न्यूटन-मीटर येते. गुरुत्वमध्य केंद्राच्या १० सेंटिमीटर पुढे असल्यास वजनाचे परिबल आणखी १,००० न्यूटन-मीटर होते. एकूण ३,६५० ला ४.५ ने भागले की पुच्छाला सुमारे ८१० न्यूटन बल खाली लावावे लागते असे दिसते. पंखाला मग १०,००० नव्हे, तर १०,८१० न्यूटन उचलावे लागतात. इंजिनाचा जोर आणि धडाचा परिणाम या हिशेबात धरलेला नाही.

आता सामान मागे सरकवून गुरुत्वमध्य केंद्राच्या १० सेंटिमीटर मागे नेला, तर वजन नाक वर उचलू लागते आणि पुच्छाचे बल सुमारे ३७० न्यूटनांवर येते. याच स्थितीत वेग निम्मा केला, की पंखाचे परिबल एक-चतुर्थांश, म्हणजे सुमारे ६६० न्यूटन-मीटर उरते. तेव्हा वजनाचे परिबल वरचढ ठरते आणि पुच्छाला सुमारे ७५ न्यूटन बल *वर* लावावे लागते. म्हणजे एकाच विमानाचे पुच्छ जलद उड्डाणात खाली, तर मंद उड्डाणात वर बल लावू शकते. वेग बदलला की वैमानिकाला ट्रिमचे चाक पुन्हा फिरवावे लागते ते याच कारणाने.

== समतोल आणि स्थैर्य ==

पुच्छ खाली ढकलते म्हणूनच विमान स्थिर राहते, हे पाठ्यपुस्तकांतूनही आढळणारे विधान अचूक नाही. समतोल ही एका क्षणाची अवस्था आहे. झुळकीने ती बिघडल्यावर विमान पूर्वस्थितीकडे वळते की नाही, हा स्थैर्याचा प्रश्न आहे. स्थैर्यासाठी मागच्या पृष्ठावरील दर चौरस मीटर भार पुढच्या पृष्ठापेक्षा कमी असावा लागतो. समजा पंख ६ अंशांच्या परिणामी कोनात आहे आणि पुच्छ केवळ २ अंशांच्या. झुळकीने दोन्हींचे कोन २ अंशांनी वाढले, तर पंखाचे बल एक-तृतीयांशाने वाढते, पण पुच्छाचे दुप्पट होते. मागचे टोक तुलनेने अधिक उचलले जाऊन नाक खाली येते. पुच्छाचा कोन ऋण असला तरी तर्क हाच. प्रत्यक्षात पंखामागे हवा खाली वळत असल्याने पुच्छाच्या कोनातील वाढ काहीशी कमी भरते.

गुरुत्वमध्य जेथे नेल्यावर हे स्थैर्य संपते त्या जागेला उदासीन बिंदू म्हणतात. वरील विमानाच्या पुच्छाचे क्षेत्रफळ पंखाच्या एक-पंचमांश धरल्यास हा बिंदू पंखाच्या केंद्रामागे सुमारे ४० सेंटिमीटरवर पडेल. म्हणून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर मागे असतानाही ते विमान स्थिरच होते. सामान आणि इंधन यांमुळे गुरुत्वमध्य या बिंदूकडे सरकू लागला, की दांडीच्या अल्प हालचालीनेही नाक झपाट्याने वर-खाली होऊ लागते. वैमानिकाला मिळणारी पहिली सूचना हीच.

खाली ढकलणारे पुच्छही स्टॉल होऊ शकते. पुच्छाच्या पुढच्या कडेवर बर्फ साचलेला असताना फ्लॅप उघडले, तर पंखामागची हवा अधिक खाली वळते, पुच्छाचा ऋण कोन वाढतो आणि त्याचे खालचे बल एकाएकी नाहीसे होते. नाक खाली कोसळते. पंखाच्या स्टॉलमध्ये दांडी पुढे करतात. येथे ती मागे ओढून फ्लॅप पुन्हा मिटावे लागतात. जमिनीजवळ उतरताना हा फरक ओळखायला फारच थोडा वेळ असतो.

== कॅनार्ड रचना ==

कॅनार्ड रचनेत समतोल राखणारे छोटे पृष्ठ पंखाच्या पुढे असते आणि ते वर उचलते. राईट बंधूंचे १९०३ मधील विमान याच जातीचे होते. पण त्याचा गुरुत्वमध्य उदासीन बिंदूच्या मागे असल्याने ते अस्थिर होते आणि लाटांप्रमाणे वर-खाली होत उडाले.

दोन्ही पृष्ठे वर उचलत असल्याने कॅनार्ड अधिक कार्यक्षम असते, हा समज अर्धसत्य आहे. येथेही मागच्या पृष्ठाचा भार तुलनेने कमी हवा, म्हणजे पुढच्या छोट्या पृष्ठाला जास्त भार घ्यावा लागतो आणि त्यानेच आधी स्टॉल व्हावे लागते. तसे झाले की नाक खाली येऊन मुख्य पंख वाचतो. पण त्यामुळेच मुख्य पंख आपल्या कमाल क्षमतेपर्यंत कधी पोहोचत नाही व तो मोठा करावा लागतो. गुरुत्वमध्य फार मागे असून पंख आधी स्टॉल झाला, तर नाक खाली आणण्याचा मार्गच उरत नाही. बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझी व लाँग-ईझी या विमानांत आणखी एक दोष दिसला: पावसात कॅनार्डावरील प्रवाह बिघडून त्याचे उत्थापक बल घटे आणि नाक खाली जाऊ लागे. पुढे त्यासाठी निराळा छेद वापरण्यात आला.

ग्रिपेन, रफाल यांसारख्या लढाऊ विमानांचे कॅनार्ड या नियमात बसत नाहीत. ती विमाने मुद्दाम अस्थिर ठेवलेली असून संगणक क्षणोक्षणी त्यांना सावरतो. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या सुखोई-३० एमकेआय या विमानाला तर पुढे कॅनार्ड आणि मागे पूर्ण फिरणारे पुच्छ, असे दोन्ही आहेत.

== स्टॅबिलेटर ==

नेहमीच्या पुच्छात पुढचा भाग स्थिर आणि मागचा एलेव्हेटर हलता असतो. स्टॅबिलेटरमध्ये संपूर्ण आडवे पुच्छच एका आसाभोवती फिरते. ध्वनिवेगाजवळ पुच्छावर आघात तरंग निर्माण होऊन एलेव्हेटर निष्प्रभ होतो. बेल एक्स-१ विमानात पुच्छाचा पुढचा भागही उड्डाणात वर-खाली करता येई, म्हणून १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांना ध्वनिवेग ओलांडताना नियंत्रण राखता आले. त्यानंतर लढाऊ विमानांत पूर्ण फिरणारे पुच्छ रूढ झाले.

पायपर चेरोकीसारख्या हलक्या विमानातही स्टॅबिलेटर असतो, पण तेथे अडचण वेगळी आहे. आस पृष्ठाच्या वायुगतिकीय केंद्राजवळ असल्याने ते फिरवायला जवळजवळ जोर लागत नाही आणि वैमानिकाच्या हाताला काही जाणवत नाही. अजाणता जास्त ओढले जाण्याचा धोका राहतो. म्हणून त्याच्या मागच्या कडेला एक पट्टी बसवतात. ती पुच्छाच्याच दिशेने, पण अधिक वळते आणि दांडीला विरोध करते. हीच पट्टी ट्रिमसाठीही वापरली जाते. मोठ्या प्रवासी विमानांतील स्क्रूने कोन बदलणारे पुच्छ याहून निराळे असते: ते ट्रिमपुरते सावकाश हलते, तर क्षणोक्षणीचे नियंत्रण त्याच्या मागचा एलेव्हेटर करतो.