स्लॅबच्या सळया : आखूड बाजू की लांब बाजू?
(लेखांक ७)

मागच्या लेखांकात कव्हर ब्लॉकपर्यंत आलो होतो. आता त्या ब्लॉकवर टेकणारी सळई कोणत्या दिशेची असावी, ते पाहू. बांधकामावर याचे ठरलेले उत्तर मिळते : खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त असली तर स्लॅब वन-वे, नाहीतर टू-वे, आणि मेन सळई नेहमी आखूड बाजूने. या उत्तरात बरेच तथ्य आहे, पण क्रम उलटा आहे. टेप खोलीला लावण्याआधी स्लॅब कशाकशावर टेकला आहे हे पाहायला हवे. टेकू फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंना असतील, तर खोली अगदी चौरस असली तरी स्लॅब वन-वेच. दुपटीचा हिशोब चारही बाजूंना भक्कम आधार असेल तेव्हाच सुरू होतो.

हा हिशोब येतो कुठून, ते ३ मीटर बाय ४.५ मीटरच्या एका खोलीवर पाहू. चारही बाजूंना भार पेलणाऱ्या भिंती आहेत. स्लॅबच्या मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या मीटरभर रुंदीच्या दोन पट्ट्या कल्पा, एक ३ मीटरची आणि दुसरी ४.५ मीटरची. दोन्ही एकाच काँक्रीटच्या असल्याने छेदतात त्या जागी दोघींना सारखेच खाली यावे लागते. पट्टीचा झोळ मात्र गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो. दीडपट लांब पट्टी तेवढ्याच वजनाखाली सुमारे पाचपट वाकते (१.५ चा चौथा घात ५.०६). दोघी सारख्याच वाकायच्या, तर लांब पट्टीवर एक भाग वजन जाईल तेव्हा आखूड पट्टीवर पाच भाग जायला हवेत. म्हणजे ८३ टक्के वजन आखूड दिशेने भिंतींकडे जाते. लांब सळई लांबवर झेलते म्हणून ती जाड हवी, हा समज इथेच कोसळतो. वजन जवळच्या, ताठ वाटेने जाते आणि मुख्य लोखंडही त्याच वाटेवर हवे. खोली चौरस असेल तर वाटणी निम्मी-निम्मी होते. लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर आखूड दिशेकडे १७ पैकी १६ भाग, म्हणजे ९४ टक्के वजन जाते. उरलेल्या सहा टक्क्यांसाठी वेगळे गणित कोण करणार? म्हणून तिथून पुढे स्लॅब वन-वे धरतात.

यावर कोणी म्हणेल, की मग १.९ ला टू-वे आणि २.१ ला वन-वे असा एकदम फरक कसा पडतो? पडतच नाही. १.९ ला आखूड दिशेकडे ९३ टक्के वजन जाते, २.१ ला ९५. दोनचा आकडा हिशोबाच्या सोयीसाठी आखलेली रेघ आहे, आणि काँक्रीटला ती रेघ दिसत नाही. म्हणूनच वन-वे स्लॅबमध्येही आखूड टोकाच्या भिंतीजवळचा भाग दोन्ही दिशांनी वाकतो. शेजारच्या खोलीत सलग जाणारा स्लॅब त्या टोकाच्या बीमवर वरून ताणला जातो. कागदावर तिथे काही नव्हते म्हणून वरची सळई टाकली नाही, तर पुढे फरशीखाली बीमला समांतर तडा जातो. डिस्ट्रिब्युशनच्या सळयांना फालतू समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की काँक्रीटच्या आकसण्याबरोबरच हा हिशोबाबाहेरचा ताणही कोणाला तरी घ्यावा लागतो.

आता त्याच खोलीचे लोखंड काढू. स्लॅब १२० मिलिमीटर जाड आहे. स्वतःचे वजन, फरशी आणि माणसे-सामान मिळून चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ६०० किलो. सुरक्षेसाठी दीडपट करून ९. आयएस ४५६ च्या तक्त्यात, कोपरे मोकळे असलेल्या साध्या टेकूच्या स्लॅबला १.५ या प्रमाणासाठी ०.१०४ आणि ०.०४६ असे गुणक आहेत. दोन्ही गुणक आखूड गाळ्याच्या वर्गालाच लावायचे असतात, आणि नवशिके नेमके इथे चुकतात. वाक येतो आखूड दिशेला ८.४ आणि लांब दिशेला ३.७ किलोन्यूटन-मीटर. एम २० काँक्रीट आणि एफई ४१५ लोखंड धरले, तर आखूड दिशेला ८ मिलिमीटरची सळई १८० मिलिमीटरवर पुरते. लांब दिशेला वाकासाठी लागणारे लोखंड संहितेतल्या किमान ०.१२ टक्क्यांपेक्षाही कमी भरते. तरी टू-वे स्लॅबमध्ये हीसुद्धा मेन सळईच असते, त्यामुळे अंतर प्रभावी जाडीच्या तिपटीपलीकडे नेता येत नाही. म्हणून ती २५० वर.

दोन थरांपैकी खाली कोणता, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे. २० मिलिमीटर कव्हर सोडले तर खालच्या सळईची प्रभावी जाडी ९६ मिलिमीटर, तिच्यावर टेकलेल्या सळईची ८८. जास्त वाक ज्या दिशेला आहे तिला जास्त जाडी, म्हणून आखूड दिशेची सळई खाली. फिटरने जाळी ९० अंशांत फिरवून बांधली, म्हणजे २५० वाल्या सळया आखूड दिशेला आणि त्याही वरच्या थरात गेल्या, तर त्या दिशेची ताकद ६.१ वर येते. हवी होती ८.४. शटरिंग काढताना स्लॅब पडणार नाही, कारण रोजचा वाक ५.६ च आहे. फसगत होते ती याचमुळे. सुरक्षेसाठी ठेवलेली दीडपटीची शिल्लक जवळपास संपलेली असते, आणि वरून काही कळत नाही. काही वर्षांनी छताला मधोमध, लांब भिंतींना समांतर बारीक तडे दिसले आणि पंखा झोळात आल्यासारखा वाटला, तर पहिला संशय इथे घ्यावा.

आखूड बाजूचा नियम साफ उलटतो तो टेकू बदलल्यावर. हीच खोली फक्त ३ मीटरच्या दोन भिंतींवर टेकलेली असेल आणि लांब बाजू उघड्या असतील, तर वजनाला ४.५ मीटरचीच वाट उरते. मेन सळई लांब दिशेने, खालच्या थरात जाते. वाक २२.८ वर चढतो आणि १२० ची जाडी झोळाच्या दृष्टीने पुरत नाही. लँडिंगपासून लँडिंगपर्यंत जाणारा जिन्याचा स्लॅब याच जातीचा, म्हणून त्याची मेन सळई उताराच्या दिशेने असते.

‘लांब बाजूला भिंत आहे की,’ असे यावर ऐकू येते. स्लॅबनंतर बांधलेली चार इंची पार्टिशन भिंत हिशोबात टेकू नव्हे. ‘मग कन्सील बीम दिलाय,’ हा दुसरा युक्तिवाद. स्लॅबच्याच जाडीत दडवलेला बीम स्लॅबइतकाच वाकतो. जो सोबत खाली येतो तो टेकू कसला? सळया जास्त भरल्याने त्याची ताकद वाढते, ताठपणा फारसा वाढत नाही. खाली लोंबणारा, पुरेसा खोल बीम असेल तरच ती बाजू आधाराची धरावी.

काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवर जा, कडेला वाका आणि कव्हर ब्लॉकवर कोणती सळई टेकली आहे ते बघा. ती नकाशातल्या जवळच्या दोन खऱ्या टेकूंमध्ये धावत नसेल, तर बाइंडिंग वायर कापून जाळी पुन्हा बांधायला सांगा. तेव्हा ते एका दिवसाचे काम असते.